आजींचा शब्द ठेवून मालिकेचा आवाज कमी करताना

घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतीत पंख्याची घरघर असेल, बाहेर पंपाचा आवाज असेल, तर तो पुष्कळसा काढता येतो. आतल्या खोलीत चालू राहिलेली मालिका मात्र फार चिवट असते. कारण साधे आहे. पंखा बोलत नाही, मालिकेतली सासू बोलते. आपल्याला जो आवाज ठेवायचा आहे तोही बोलण्याचा आणि जो काढायचा आहे तोही बोलण्याचाच. तेच स्वर, तीच व्यंजने आणि बहुतेक वेळा तीच भाषा.

एका ओळखीच्या मुलीने तिच्या आजींची मुलाखत फोनवर ध्वनिमुद्रित केली होती. आजी माण तालुक्यातल्या, विषय १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची कामे, मुकादमाची हजेरी, कामावर मिळणारी सुकडी, सगळे त्यांनी सविस्तर सांगितले होते. फोन आजींपासून हातभर अंतरावर होता आणि मधल्या दाराच्या पलीकडे संध्याकाळच्या मालिका सुरू होत्या. फोनचे ध्वनिमुद्रण ऐकले की आजी नीट ऐकू येत, पण पाच मिनिटांत डोके जड व्हायचे. मधूनच एखादा शब्द आजींचा की मालिकेतला हेही कळेनासे व्हायचे. ही एकच फाइल धरून सगळी वाट चालू, म्हणजे कुठे काय करायचे आणि कुठे हात आखडायचा ते समजेल.

समोर बसलेल्या त्या मुलीला मुलाखतीच्या वेळी मालिकेचा त्रास जाणवला नव्हता. माणसाला दोन कान असतात, आणि आवाज कुठल्या दिशेने येतो हे ताडून मेंदू नको असलेला आवाज मागे सारतो. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये याचा अभ्यास केला. दोन वेगळी बोलणी दोन वेगळ्या कानांत ऐकवली तर माणूस एकावर सहज लक्ष ठेवतो, पण दोन्ही मिसळून एकत्र ऐकवली तर त्याला फार कष्ट पडतात. फोनचे मोनो ध्वनिमुद्रण म्हणजे ही दुसरी स्थिती. त्यात फोनची आणखी एक सवय भर घालते. ध्वनिमुद्रणाची अनेक ॲप आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतात. आजी थांबल्या की ॲपला वाटते आवाज कमी झाला, म्हणून ते संवेदनशीलता वाढवते आणि त्या विरामात मालिका फुगून वर येते. त्यामुळे आजींच्या दोन वाक्यांमध्ये टीव्ही जितका मोठा ऐकू येतो, तितका तो त्यांच्या बोलण्याखाली नसतो. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही गोष्ट आहे, कारण निम्म्याहून जास्त त्रास विरामांत असेल तर शब्दांना हात न लावताही तो कमी करता येतो.

कामाला लागण्याआधी मूळ फाइल मिळवावी. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून आलेली प्रत घेऊ नये. ती आकाराने लहान करताना बारीक व्यंजनांचा तपशील आधीच गेलेला असतो. फोनमधली फाइल केबलने संगणकात घ्यावी, मूळ प्रत बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. काम करण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फोनची m4a फाइल त्यात उघडली नाही, तर ffmpeg वापरून ती अशी बदलता येते:

```
ffmpeg -i aaji.m4a -c:a pcm_s24le aaji.wav
```

फाइल उघडल्यावर आधी पाहायचे ते हे, की ती स्टिरिओ आहे का. फोनने व्हिडिओ घेतला असेल तर बहुधा असते. असेल तर डावी आणि उजवी बाजू वेगळी करून ऐकावी. टीव्ही एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूच्या माइकमध्ये तो थोडा कमी असतो, आणि कसलीही प्रक्रिया न करता मिळालेली ही सुधारणा सर्वांत निर्धोक. या आजींची फाइल मोनो होती, तेव्हा हा मार्ग बंद होता.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पस्तावतात. आवाजाला हात लावण्याआधी, हेडफोन लावून, मूळ ध्वनिमुद्रणावरून आजींचा शब्द न् शब्द लिहून काढायचा. ऑडॅसिटीत Ctrl+B दाबले की त्या जागी खूण करता येते. जिथे शब्द पक्का नाही तिथे प्रश्नचिन्हाची खूण, आणि जिथे आजी व मालिका एकाच वेळी बोलतात तिथे वेगळी खूण. हा मजकूर पुढे मोजपट्टी ठरतो. नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर त्यातला एकही शब्द कमी झाला तर तो टप्पा मागे घ्यायचा. शंकेच्या जागांसाठी आणखी एक उपाय आहे. त्या दिवशीचा मालिकेचा भाग आता नेटवर सापडतो. तो उघडून त्या जागेचे संवाद ऐकले की कोणते शब्द टीव्हीचे हे निश्चित होते, आणि उरलेले आजींचे. आजींच्या फाइलमधल्या शंकेच्या बऱ्याच जागा एवढ्यानेच सुटल्या.

मग मनात येतेच, की मालिकेचा मूळ आवाज हाती आहे तर तो आजींच्या फाइलमधून थेट वजाच का करू नये? कल्पना बरोबर आहे, पण घरच्या घरी ती जवळपास कधीच साधत नाही. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाट उलटी करून मिसळली तर मूळ लाट मिटते, पण दोन्ही अगदी तंतोतंत जुळल्या तरच. एक हजार हर्ट्झच्या लाटेचे एक आवर्तन एका मिलिसेकंदात पुरे होते. जुळणी अर्ध्या मिलिसेकंदाने चुकली तर ती लाट मिटायच्या ऐवजी दुप्पट होते. शिवाय फोनपर्यंत पोचलेला आवाज मालिकेचा मूळ आवाज राहिलेलाच नसतो. तो टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून निघतो, भिंतींवर आपटतो, दाराच्या फटीतून येतो. म्हणून आधी त्या खोलीने आवाजात काय बदल केला हे शोधून काढणारा गणिती फिल्टर लागतो. अशा फिल्टरची एक मूळ पद्धत विड्रो आणि हॉफ या अमेरिकी अभियंत्यांनी १९६० मध्ये मांडली, आणि त्याच घराण्याची तंत्रे आज स्पीकरफोनवरचा प्रतिध्वनी काढतात. न्यायवैद्यक ध्वनितज्ज्ञ टीव्ही किंवा रेडिओचा आवाज कमी करायला हेच तत्त्व वापरतात. पण फोन आणि टीव्ही यांची घड्याळे किंचित वेगळ्या गतीने चालतात, कोणी तरी मध्येच टीव्हीचा आवाज कमी-जास्त करते, आणि जुळणी सुटते. एखादे ध्वनिमुद्रण फारच मोलाचे असेल तर तज्ज्ञाकडे मालिकेचा तो भागही द्यावा. घरी मात्र तो फक्त शब्द ओळखायला वापरावा.

आता प्रत्यक्ष काम. ऑडॅसिटीत Noise Reduction नावाची सोय आहे आणि नाव वाचून प्रत्येकाचा हात आधी तिकडे जातो. ती नमुना म्हणून दिलेल्या गोंगाटाची ठेवण शिकते आणि सगळ्या फाइलमधून तेवढी ठेवण कमी करते. पंख्यासारखा एकसुरी आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच असतो, म्हणून तिथे ही सोय उत्तम चालते. मालिकेतला संवाद क्षणाक्षणाला बदलतो. एका ठिकाणचा संवाद नमुना म्हणून दिला तर सोय शिकते ती माणसाच्या बोलण्याची सरासरी ठेवण, आणि मग तीच ठेवण आजींच्या बोलण्यातून कमी करते. ऐकताना हे लगेच समजते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि त्यात बारीक किणकिण सुरू होते. तेव्हा ही सोय फक्त पंख्यापुरती वापरावी. नमुना अशा जागेचा घ्यावा जिथे आजीही गप्प आहेत आणि मालिकेतही क्षणभर शांतता आहे, आणि घट ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नये. त्याच चौकटीत Residue हा पर्याय असतो. तो निवडला की जे काढले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. त्यात आजींचे शब्द कळू लागले की घट जास्त झाली.

डेसिबलचा हिशेब एकदाच लक्षात ठेवावा. १० डेसिबल कमी केले की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो. आजींच्या फाइलमध्ये त्यांचे स्वर मालिकेपेक्षा चांगलेच मोठे होते. पण माणसाच्या बोलण्यात सगळ्यांत जोरकस स्वर आणि सगळ्यांत दुबळे व्यंजन यांच्यात सुमारे ३० डेसिबलचे अंतर असते. म्हणजे आजींचा ‘आ’ मालिकेच्या कितीतरी वर आणि त्यांचा ‘ह’ किंवा शब्दाच्या शेवटचा ‘त’ मालिकेच्या बरोबरीला किंवा खाली. जे काही यंत्र आवाजाच्या पातळीवरून ‘हे ठेव, ते काढ’ असे ठरवते, ते या व्यंजनांना टीव्ही समजते. ‘खडी’मधला महाप्राण कापला गेला की ऐकणाऱ्याला ‘कडी’ ऐकू येते, आणि दुष्काळी कामावर कडी कशाची, हे त्याला उमगत नाही.

विरामांतला टीव्ही दाबायला Noise Gate वापरतात. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की हे दार मिटते, वर आला की उघडते. मराठी बोलण्यासाठी याचा सगळा धोका वाक्याच्या शेवटी आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकारही तिथेच येतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच उतरतो, त्यातून वय झालेल्या माणसाचा श्वास तिथे संपत आलेला असतो. आजी एका ठिकाणी म्हणतात, ‘तवा सुकडी मिळायची, पर समद्यांना पुरत नव्हती.’ त्यांच्या बोलीत ‘होती’ला ‘व्हती’ म्हणतात. म्हणजे ‘पुरत नव्हती’ आणि ‘पुरत व्हती’ यांच्यात फरक उरतो तो एका ‘न’चा, आणि तोही उतरत्या आवाजातला. पहिल्या प्रयत्नात दार घाईने मिटणारे ठेवले होते. ‘पुरत’नंतर ते मिटले आणि उघडेपर्यंत ‘न’ निघून गेला. फाइल स्वच्छ ऐकू येत होती आणि आजींनी सांगितलेल्याच्या नेमके उलट सांगत होती.

म्हणून दाराची मांडणी बदलली. Level reduction फक्त -१० डेसिबल, म्हणजे दार कधीच पूर्ण मिटायचे नाही, नुसते लोटायचे. Hold ५०० मिलिसेकंद, म्हणजे आवाज उतरल्यावर अर्धा सेकंद दार उघडेच राहील आणि दोन शब्दांमधल्या छोट्या खाचेत मिटणार नाही. Decay ४०० मिलिसेकंद, म्हणजे मिटतानाही हळूहळू. Gate threshold चा आकडा प्रत्येक फाइलमध्ये वेगळा येतो. विरामातल्या टीव्हीची पातळी पाहावी, त्याच्या जरा वर आकडा ठेवावा आणि सगळ्यांत हळू बोललेली वाक्ये ऐकून तो खाली आणावा. वरच्या मांडणीने छोटे विराम तसेच राहतात, मोठे मात्र शांत होतात. एवढे पुरते.

जिथे प्रश्नचिन्हाच्या खुणा आहेत तिथे दार लावूच नये. तेवढा भाग हाताने करावा. Envelope Tool घेऊन आवाजाच्या पट्टीवर बिंदू ठेवत जायचे आणि विरामात पट्टी खाली ओढायची. शब्द सुरू होण्याच्या जरा आधी पट्टी पूर्ण वर आलेली हवी, आणि क्रियापद संपल्यावर किमान पाव सेकंद तशीच राहायला हवी. काम संथ आहे, अर्ध्या तासाच्या मुलाखतीला एक अख्खी दुपार जाते. पण कुठे काय कापायचे हे तिथे मजकूर वाचणारा माणूस ठरवतो, आणि या कामात मला त्यापेक्षा भरवशाचे दुसरे काही सापडलेले नाही.

विराम पूर्ण शांत का करू नयेत, असे विचारले जाते. पूर्ण शांत केले तर आजींच्या प्रत्येक वाक्याबरोबर मालिका उसळून येते आणि वाक्य संपताच नाहीशी होते. एकसारखा मंद आवाज कान थोड्या वेळाने सोडून देतो, असा ये-जा करणारा आवाज सोडत नाही. याला जोडूनच रिचर्ड वॉरन यांचा १९७० मधला प्रयोग सांगायला हवा. त्यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापून त्या जागी खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला, गेलेला उच्चार मेंदूने भरून काढला. खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली तेव्हा मात्र खाच लगेच लक्षात आली. आपल्यालाही हेच लागू पडते. थोडी मालिका खाली राहिली तर मेंदू आजींचा दुबळा शब्द जोडून घेतो, भोवती शांततेचे खड्डे पाडले तर घेत नाही.

आजी आणि मालिका एकाच वेळी बोलतात तिथे काय? तिथे स्वरसंतुलनाने थोडे साधते. भिंत आणि दार बारीक, उंच आवाज अडवतात, जाड आवाज जाऊ देतात. म्हणून पलीकडच्या खोलीतला टीव्ही गुबगुबीत ऐकू येतो, तर समोरच्या माणसाची व्यंजने कुरकुरीत. Filter Curve EQ मध्ये ८० हर्ट्झच्या खालचे सगळे काढले, २५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी केले आणि २,५०० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल वाढवले की आजी पुढे येऊन बसल्यासारख्या वाटतात. मालिका तितकीच असते, पण मागे जाते. इथेही तोच ‘न’ आडवा येतो. ‘न’ आणि ‘म’ या अनुनासिकांचा जोर २५० हर्ट्झच्या आसपासच असतो. ३ ऐवजी ८ डेसिबल कमी केले की टीव्ही आणखी दबतो, हे खरे, पण त्याबरोबर ‘नव्हती’तला ‘न’ही दबतो. म्हणून मी ३ वर थांबलो. तेवढे करूनही शब्द कळत नसेल तर आवाजाला आणखी छेडू नये. ध्वनिमुद्रण ऐकवताना त्या जागी पडद्यावर मजकूर दाखवावा, आणि लेखी प्रतीत कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहावे.

शेवटी तपासणी. दार लावण्याआधीची प्रत आणि नंतरची प्रत एकाखाली एक ठेवायच्या, एकीला Invert करायचे आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. जे दोन्हींत सारखे ते मिटते, जे काढले गेले तेवढे उरते. त्यात फक्त मालिका ऐकू आली तर काम बरोबर. एखाद्या शब्दाची शेपटी ऐकू आली तर त्या जागी दार उघडायचे. स्वरसंतुलनानंतर ही तपासणी चालत नाही, कारण तिथे आजींचा आवाज मुद्दाम बदललेला असतो आणि फरकात तो ऐकू येणारच. तेव्हा ती दार लावल्यावर लगेच करावी.

यंत्राची तपासणी पुरत नाही. मजकूर लिहिणाऱ्याला आता प्रत्येक वाक्य पाठ झालेले असते, त्याला गेलेला शब्दही ऐकू येतो. म्हणून ज्याने ही मुलाखत कधी ऐकली नाही अशा माणसाला तयार फाइल द्यावी आणि ऐकेल ते लिहायला सांगावे. तो माणूस बोलणाऱ्याच्या बोलीचा असला तर उत्तम. माणची बोली न कळणाऱ्याला ‘समद्यांना’ हा शब्दही अस्पष्टच वाटेल. त्याने लिहिलेले आणि आपला मूळ मजकूर शेजारी ठेवले की कुठे काय हरवले ते ओळीओळीने दिसते. आजींच्या फाइलमध्ये अशा तपासणीनंतर दोन वाक्यांचे शेवट पुन्हा मोकळे करावे लागले.

तयार फाइलबरोबर मूळ फाइलही जपून ठेवावी, आणि काय-काय केले याची चार ओळींची नोंद तिच्या शेजारी असावी. उद्या अधिक चांगले साधन आले तर ते मूळ फाइलवरच चालेल. आणि एवढे सगळे करूनही जे शब्द सुटले नाहीत, त्यांची यादी घेऊन पुन्हा आजींकडे जा. तोच तुकडा त्यांना ऐकवा, त्या काय म्हणाल्या होत्या ते विचारा, आणि ते उत्तर वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या तारखेने नोंदवा. जुन्या वाक्यात ते चिकटवू नका. या वेळी फोन जवळ ठेवा, मधले दार लावून घ्या, आणि घरच्यांना विनंती करून टीव्ही तेवढा वेळ बंद ठेवा.